‘गाव तिथं महारवाडा’ : आजीनं नातीला लिहिलेलं पत्र



या लेखाचा मधला भाग माझा नाही, माझ्या आजीचा आहे. तिनं सांगितलं, मी लिहून घेतलं. आधीचा आणि नंतरचा भाग मात्र माझा आहे, आणि त्यावर तुम्ही वाद घातला तर मला आवडेल.

माझी आतेबहीण ब्रिटनमध्ये, वेल्समधल्या कार्डिफला शिकते. तिचं लहानपण बंगळूरला गेलं, शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी घरात बोलण्यापुरतं. मागच्या हिवाळ्यात तिच्या वर्गात एक उपक्रम होता. प्रत्येकानं आपल्या मातृभाषेतली एक जुनी म्हण आणायची, तिला इंग्रजीतली जोड शोधायची आणि दोन्ही एका कागदावर लिहून भिंतीवर लावायच्या. हिनं इंटरनेटवर शोधलं आणि छोटी, ठसकेबाज म्हणून एक म्हण निवडली : ‘गाव तिथं महारवाडा’. शेजारी इंग्रजी जोड लिहिली : ‘देअर इज अ ब्लॅक शीप इन एव्हरी फ्लॉक’, म्हणजे प्रत्येक कळपात एक काळी मेंढी असतेच. कागदाचा फोटो काढून तिनं आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि विचारलं, ‘आजी, अर्थ बरोबर आहे ना?’

ग्रुपवर कुणीच काही बोललं नाही. एरवी वाढदिवसाच्या केकवर चाळीस अंगठे उठवणारी माणसं गप्प. रात्री आत्याचा मला फोन आला. रडत होती. ‘तिला माहीतच नाही रे. तिला वाटतं वाडा म्हणजे मोठं घर, पुण्यात असतात तसले.’ पोरीला आपण बौद्ध आहोत हे माहीत होतं. घरात बाबासाहेबांचा फोटो होता, चौदा एप्रिलला गोड असायचं. पण ‘महार’ हा शब्द आई-बापानं तिच्यासमोर कधी काढला नव्हता. लाजेपोटी नव्हे. तो शब्द तिच्या अंगाला लागू नये म्हणून.

मी तो फोटो आजीला दाखवला. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, ‘फोनवर नको. कागद घे. पत्र लिहायचं.’ आजी ऐंशीच्या घरातली, चौथी शिकलेली. खाली तिचे शब्द तसेच ठेवले आहेत. आमच्या कोल्हापूरकडं बायकाही ‘मी जातो, मी सांगतो’ असंच बोलतात, तेही बदललेलं नाही.

*

चि. बाळीस,

आजीचा जयभीम आन् आशीर्वाद.

तुजा कागद बगितला. अक्षर लई सुरेख हाय. अर्थ बरोबर हाय का म्हणून इचारलंस. पुस्तकात लिवलाय त्यो अर्थ बरोबर लिवलास. पर त्यो अर्थ कुणाचा, ते तुला ठावं न्हाई. ते मी सांगतो.

वाडा म्हंजे तुला वाटतंय तसलं मोठं घर न्हवं. गावात घरांच्या रांगा असायच्या, त्या जातीवार. आन् गावाच्या बाहेर, उगवतीच्या अंगाला आमची घरं. वारा मावळतीकडनं सुटतो. गावावरनं आमच्यावर आला तर चालतंय, आमच्यावरनं गावावर जायाला नको. त्या घरांना म्हणायचे महारवाडा. तुजी आजी ततं जल्मली. मी ततली, म्हणून तुजी आई ततली, म्हणून तूबी ततलीच.

मी तिसरीत हुतो. आमी महारवाड्यातली पाच पोरं, मागं भिंतीला बसायचो. एक दिस गुरुजींनी फळ्यावर म्हणी लिवल्या. त्यात ही एक. अर्थ सांगितला, ‘चांगल्याबरोबर थोडं वाईट असायचंच.’ गुरुजी काय रागानं बोलले न्हाईत. पुस्तकात हुतं ते सांगितलं. पर सगळी पोरं मान वळवून मागं आमच्याकडं बगाय लागली. कुणी हासलं न्हाई. नुसतं बगितलं. हासली असती तर बरं झालं असतं.

घरला आलो आन् आज्ज्याला इचारलं, ‘आपण वाईट हाय व्हय?’ आज्जा वेसकर. गावाच्या वेशीवर रातीला त्योच. त्यानं चिलीम खाली ठिवली आन् म्हणाला, ‘गुरुजीला इचार, महारवाडा नसलेलं एक गाव दावा म्हणावं.’ मग बोटं मोडून मोजाय लागला. कुणाच्या घरात मैत झालं तर पावण्यांच्या गावाला सांगावा घिऊन कोण पळतंय? मसणात सरपण कोण न्हेतंय? दोन गावांचं शिवेवरनं भांडण लागलं तर शिवेचा दगड कुटं हुता ते कुणाला इचारत्यात? मेलेलं जनावर कोण वडतंय? रातीला परका माणूस गावात शिरला तर कोण हटकतंय? ‘आपल्याबिगार गावाचं पान हालत न्हाई. म्हण तसं म्हणती,’ म्हणाला.

मला लई बरं वाटलं. दोन दिस मी छाती काडून शाळंत गेलो. मग एका सांजंला आज्ज्यासंगं भाकरी मागाय गेलो. येवढी कामं करणारा माझा आज्जा दाराम्होरं लांब हुबा ऱ्हायला, आन् वरनं टाकलेली भाकरी त्यानं घोंगड्यात झेलली. तवा मला कळलं. पान हालत न्हाई हे खरं, पर पान ज्येचं हाय त्येच्या पंगतीला आपण न्हाई.

छप्पन साली बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा घेतली. फुडल्या साली आमच्या वाड्यातबी झाली. त्या दिसापासनं आज्ज्यानं काठी खुंटीला लावली ती लावलीच. म्हयन्याभरात गावात एक बैल मेला. सांगावा आला, कुणी गेलं न्हाई. दोन दिस बैल गोठ्यात पडला, वास सुटला. तिसऱ्या दिशी ज्येचा बैल त्येनं आन् त्येच्या भावानं दाव्यानं वडत न्हेला. मग गावानं आमाला गिरणी बंद केली, दुकान बंद केलं, बांधावर गवताला जाऊ दिनात. दीड म्हयना आई आन् चुलती जात्यावर दळत हुत्या. हातांचे फोड फुटून परत फोड आले.

बाळ, त्या बैलाच्या दिशी ती म्हण मोडली. गाव हुतं, महारवाडा न्हवता. घरं ततंच हुती, पर काम करणारा महार कुणी उरला न्हवता.

आता तुज्या काळ्या मेंढीचं. तुज्या दादानं मला सांगितलं, तिकडं मेंढरं पांढरी, एखादंच काळं. पांढरी लोकर रंगवाय येती, काळी न्हाई, म्हणून काळ्याला मोल कमी. ते त्यांच्याकडं आसंल. आपल्याकडं येऊन बग. धनगराचा कळप शेतात बसतो तवा निसता काळा दिसतो. आपली घोंगडी त्याच काळ्या लोकरीची, ती रंगवावी लागत न्हाई. आमच्या रानात काळी मेंढी म्हणलं तर धनगर इचारंल, ‘कुटली? हितं समदीच हाईत.’

दुसरं बग. काळं कोकरू झालं तरी ते त्याच मेंढीच्या पोटचं. त्याच वाड्यात निजतं, त्याच पाण्याला जातं. त्येला कोण कळपाभाईर बांधत न्हाई. आमाला बांधलं हुतं. आन् काळी मेंढी एक आसती. आमी अख्खी वस्ती हुतो. अख्खी वस्ती वाईट निपजती व्हय कुटं?

तवा तुजी जोड जुळत न्हाई. आईवर रागावू नको. तिनं तुला सांगितलं न्हाई, कारण शाळंतली ती नजर तुज्या वाट्याला यायला नको हुती. पर नजर म्हणीतनं आलीच बग, सातासमुद्रापल्याड. म्हणून आता ठावं असू दे. म्हण पुसू नको. खाली काय लिवायचं ते तुजं तू ठरीव.

थंडी लई आसती म्हणत्यात. कानाला बांधत जा.

तुजी आजी

*

पत्र इथं संपलं. आता माझं म्हणणं.

समाजशास्त्र शिकताना ही म्हण मला पहिल्यांदा इंग्रजी पुस्तकात भेटली. आंबेडकरी चळवळीच्या अभ्यासक, अमेरिकन इतिहासकार एलिनॉर झेलियट यांनी तिची नोंद घेतली आहे. इंग्रजी वाचकाला कळावं म्हणून त्यांनी काळ्या मेंढीची म्हण शेजारी ठेवली, पण तेवढ्यावर थांबल्या नाहीत. महार समाज महाराष्ट्रात गावोगाव होता याचीही ही म्हण साक्ष आहे, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे एका म्हणीत दोन अर्थ आहेत : गावानं दिलेला आणि गावाच्या नकळत तिच्यात राहून गेलेला. आपल्या म्हणींच्या पुस्तकांनी पहिला तेवढा ठेवला.

पहिल्या अर्थाची खात्री करायची असेल तर तिची जुळी बहीण पाहा : ‘गाव तिथं उकिरडा’. ही आजही मुलांच्या म्हणींच्या यादीत निर्धास्तपणे छापली जाते. अर्थ तोच, सगळीकडं थोडंफार वाईट असतंच. वाक्याचा साचाही तोच. एका म्हणीत ज्या जागी उकिरडा आहे, दुसरीत त्याच जागी माणसं आहेत. म्हणीचा खरा अर्थ समजायला यापेक्षा मोठा कोश लागत नाही.

इंग्रजी जोड लावली की नेमकं हेच दिसेनासं होतं. ‘काळी मेंढी’ वाचणाऱ्या कार्डिफच्या विद्यार्थ्याला या म्हणीत कुणी माणसं आहेत याचा पत्ताच लागत नाही. आजीनं सांगितलेले दोन फरक मी समाजशास्त्राच्या भाषेत मांडतो. काळी मेंढी हा अपवाद असतो, योगायोगानं जन्मलेला आणि कळपाच्या आतला. महारवाडा हा नियम होता, जन्मानं ठरलेला आणि सीमेबाहेरचा. ‘नो गार्डन विदाउट इट्स वीड्स’, म्हणजे तणाशिवाय बाग नाही, ही दुसरी जोड घेतली तरी अडचण तीच, कारण तण कुणी मुद्दाम लावत नाही. महारवाडा मात्र ठरवून वसवलेला होता, कामासाठी ठेवलेला होता. इंग्रजीत त्यातल्या त्यात जवळ जातो तो ‘राँग साइड ऑफ द ट्रॅक्स’ हा अमेरिकन वाक्प्रचार, रेल्वे रुळांच्या पलीकडची गरिबांची बाजू. त्यात निदान जागा आहे, सीमा आहे. पण रूळ ओलांडून अलीकडं राहायला येता येतं. जात तशी ओलांडता येत नव्हती.

आता दुसऱ्या अर्थाबद्दल, कारण यावर आपल्यातही घोळ आहे. आपले काही वडीलधारे आजीच्या आज्ज्यासारखंच अभिमानानं सांगतात, ‘आमच्याशिवाय गाव नव्हतं, आम्हाला बावन्न हक्क होते.’ त्या माणसांच्या स्वाभिमानाचा मी आदर करतो. वाईट म्हटल्यावर त्यांच्या हाती दुसरं उत्तर नव्हतं. पण हक्क म्हणून सांगितलं जाणारं त्यातलं बरंच काही बिनपगारी कामाचं शिळं मोल होतं. बाबासाहेबांना हे स्पष्ट दिसत होतं, म्हणून 1928 मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं. आमच्या कोल्हापूर संस्थानात त्याआधी दहा वर्षं, 1918 मध्ये, शाहू महाराजांनी महार वतनं रद्द करून त्या जमिनी रयतावा केल्या होत्या. पुढं 1920 च्या मार्चमध्ये माणगावला हे दोघे एका मंचावर आले, त्यामागे हाही धागा आहे. तरी आजीच्या आज्ज्याची भाकरी आणि काठी चाळीस वर्षांनंतर, 1957 लाच सुटली. हुकूम कागदावर निघाला होता. गावाची सवय आणि आपली लाचारी मोडायला धम्मदीक्षा लागली, आणि दीड महिना जात्यावर दळणाऱ्या बायका लागल्या.

मग या म्हणीला खरी जोड कुठं आहे? ती म्हणींच्या यादीत सापडत नाही. बाबासाहेबांच्या ‘द अनटचेबल्स’ या 1948 च्या ग्रंथात सापडते, आणि योगायोग असा की ती वेल्सचीच आहे. अस्पृश्य गावाबाहेर का राहतात, हा त्या ग्रंथाचा सुरुवातीचा प्रश्न. बाबासाहेबांचं म्हणणं असं : टोळ्या शेती करून स्थिरावू लागल्या तेव्हा युद्धात फुटलेल्या टोळ्यांची विखुरलेली माणसं त्यांच्या आश्रयाला आली. त्यांनी राखण करायची आणि बदल्यात अन्न व आसरा मिळायचा. रक्ताचं नातं नसल्यामुळं त्यांना वस्ती मात्र सीमेबाहेर मिळाली. यांना ते ‘ब्रोकन मेन’, म्हणजे वाताहत झालेली माणसं म्हणतात. असं जगात इतरत्र घडलं का, हे तपासताना ते दोन उदाहरणं देतात : आयर्लंडमधले फुइधीर आणि वेल्समधले अल्टुड. दोघेही परक्या टोळीचे, आश्रयाला आलेले आणि मूळ वस्तीपासून वेगळे राहणारे.

त्यांचं पुढं काय झालं, तिथं बाबासाहेबांचा युक्तिवाद खरा टोकदार होतो. युरोपात काळाच्या ओघात रक्ताच्या नात्याऐवजी एका भूमीवर एकत्र राहणं हा समाजाचा आधार बनला आणि ही माणसं मुख्य समाजात विरून गेली. आपल्याकडं तसं झालं नाही, कारण मध्ये अस्पृश्यतेची कल्पना आडवी आली आणि सीमा कायमची झाली. ही सगळी मांडणी म्हणजे एक अनुमान आहे. पुराव्याच्या साखळीतले दुवे हरवलेले असताना तर्कानं ते जोडावे लागतात, हे बाबासाहेबांनी प्रस्तावनेत स्वतःच सांगितलं आहे. तिच्यावर अभ्यासकांत वाद आहेत आणि असावेत. पण तिनं प्रश्न योग्य जागी नेऊन ठेवला. ‘महारवाड्यात काय वाईट आहे’ असं म्हण विचारते. बाबासाहेब विचारतात, ‘गावानं आपली वेस उघडली का नाही?’

या पत्रासोबत मी बहिणीला अल्टुडचं एक पान लिहून पाठवलं. तिनं वर्गातल्या एका वेल्श मुलीला हा शब्द दाखवला. ती म्हणाली, आमच्या भाषेत हा शब्द अजून आहे, हद्दपार झालेल्या माणसाला म्हणतात. तिच्या घराण्यात कुणी अल्टुड होतं का, हे मात्र तिला सांगता येईना. फरक एवढाच आहे. तिथं शब्द उरला, वस्ती उरली नाही.

इथं आपण आता उलट टोकाला आहोत. डिसेंबर 2020 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर अशी नावं देण्याचा निर्णय घेतला. निर्णय योग्यच आहे. पोस्टाच्या पत्त्यावर कुणाची जात छापलेली असू नये. पण आजीच्या गावात मी कामानिमित्त अजून जातो. कमानीवर नवं नाव आहे, वस्ती उगवतीलाच आहे, आणि गावातली माणसं रस्ता सांगताना अजूनही ‘खाली, त्यांच्यात’ म्हणतात. तिथं वस्ती उरली, शब्द तेवढा गेला.

म्हणून या म्हणीबद्दल माझं मत आजीसारखंच आहे. मुलांना ‘चांगल्याबरोबर वाईट’ असा अर्थ देऊन ती शिकवणं ताबडतोब थांबलं पाहिजे, आणि कुणी ती आपल्या माणसांवर फेकली तर जाब विचारला पाहिजे. पण कोशातून, अभ्यासातून ती पुसू नये. पुसली तर उद्या कुणी सहज म्हणेल, ‘आमच्या गावात असलं काही नव्हतंच.’ तेव्हा गावानं स्वतःच्या तोंडानं दिलेली ही कबुली आपल्या हातात असायला हवी : एकही गाव सुटलं नव्हतं.

आणि आत्यासारख्या पालकांबद्दल. नजरेपासून मुलांना वाचवण्याची त्यांची धडपड मी समजू शकतो. पण शब्द लपवला तर मूल एक दिवस तोच शब्द परक्याच्या अर्थानं उचलतं आणि स्वतःच्या हातानं भिंतीवर लावतं. माझ्या बहिणीच्या हातून तेच घडलं. अर्थ आधी घरात सांगितलेला बरा.

महिन्यानं तिचा दुसरा फोटो ग्रुपवर आला. कागद तोच, म्हण तीच. काळी मेंढी खोडलेली होती. त्या जागी इंग्रजीत दोन ओळी होत्या, त्यांचा मराठीत अर्थ असा : ‘या म्हणीला इंग्रजीत जोड नाही. माझी आजी या म्हणीतल्या वस्तीत जन्मली.’ खाली कोपऱ्यात लहान अक्षरात लिहिलं होतं, ‘अल्टुड’, आणि त्यापुढं प्रश्नचिन्ह.

या वेळी पहिलं उत्तर आत्याचं आलं. ‘जयभीम’, एवढंच.

आजीला फोटो दाखवला तर तिनं परत चष्मा लावून पाहिला आणि विचारलं, ‘टोपी घालती का न्हाई, काय बोलली?’